ओझोनचा ऱ्हास आणि जागतिक तापमानवाढ : तुलनेच्या उत्तरात गुण कुठे जातात?

स्वरदा_क

लेक नववीत आहे. चाचणी परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न होता, "ओझोन थराचा ऱ्हास आणि जागतिक तापमानवाढ यांची तुलना करा." तिला दीड गुण मिळाला. तिचं उत्तर जसंच्या तसं टंकते आहे:

> ओझोनचा थर सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो. सीएफसी वायूंमुळे या थराला छिद्र पडले आहे. या छिद्रातून सूर्याची जास्त उष्णता पृथ्वीवर येते. त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढते व हिमनद्या वितळतात. जागतिक तापमानवाढ कार्बन डायऑक्साइडमुळे होते. त्यामुळे समुद्राची पातळी वाढते. दोन्हींमुळे त्वचेचे आजार होतात. दोन्ही टाळण्यासाठी झाडे लावली पाहिजेत.

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्याखाली बाईंनी लाल रेघ मारून "कसे?" एवढंच लिहिलंय. शेवटी शेरा आहे, "तुलना कुठे आहे?" लेकीचं म्हणणं, सगळं तर लिहिलंय, आणखी काय हवं! पुस्तकात हे दोन विषय वेगवेगळ्या धड्यांत आहेत, शेजारी शेजारी कुठेच ठेवलेले नाहीत.

मला दोनच गोष्टी हव्यात. रेघ मारलेल्या वाक्यांत नेमकी गडबड काय आहे, आणि तुलनेचं उत्तर लिहायची काही रीत असते का?

---

अण्णा७२

ताई, बाई जरा जास्तच कडक दिसतात. मुलीनं काही वावगं लिहिलेलं नाही. घराच्या छपराला भोक पडलं की ऊन आत येणार आणि घर तापणार, सरळ हिशेब आहे. शिवाय अतिनील किरणांत साध्या प्रकाशापेक्षा जास्त ऊर्जा असते हे आम्हीही शाळेत शिकलो. जास्त ऊर्जेचे किरण आत आले तर तापमान वाढेल की कमी होईल?

दीड गुण म्हणजे अन्याय आहे. पेपर घेऊन भेटा बाईंना.

---

वातकुक्कुट

अण्णा, थांबा. भेटायला पाठवू नका त्यांना, बाईंनी बरोबर जागी रेघ मारली आहे.

छप्पर सगळंच ऊन अडवतं. ओझोन तसं करत नाही. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेत डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि अवरक्त किरण यांचाच मोठा भाग असतो. अतिनील किरणांचा वाटा शेकडा आठच्या आसपास, आणि ओझोन कमी झाल्यावर जे किरण जमिनीपर्यंत जास्त पोहोचतात, ते अतिनील-ब, तर त्यातलाही छोटा तुकडा. एकूण ऊर्जेच्या जेमतेम दीड टक्का. जमीन आणि समुद्र ज्यानं तापतात तो दिसणारा प्रकाश ओझोन असो वा नसो, जवळजवळ तेवढाच खाली येतो.

अतिनील किरणांच्या एकेका कणात ऊर्जा जास्त असते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून तर पेशीतला डीएनए तुटतो, मोतीबिंदू आणि त्वचेचा कर्करोग वाढतो. पण जमीन किती तापेल हे एका कणाच्या जोरावर ठरत नाही, एकूण किती ऊर्जा आली यावर ठरतं.

आता गंमत बघा. ओझोन जे अतिनील किरण शोषतो त्यांची उष्णता जाते कुठे? तिथेच, साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरच्या हवेत. विमानातून वर जाताना बाहेरचं तापमान उतरत जातं, पण त्याहून वर, स्थितांबरात, ते पुन्हा चढू लागतं ते ओझोनमुळेच. ओझोन कमी झाला की ती वरची हवा थंड पडते, आणि थंड हवा खाली कमी उष्णता पाठवते. म्हणजे एका बाजूनं थोडे अतिनील किरण जास्त आले, दुसऱ्या बाजूनं वरून येणारी उष्णता घटली. दोन्हींची वजाबाकी केली तर स्थितांबरातला ओझोन घटल्याचा जमिनीच्या तापमानावरचा परिणाम अगदी किरकोळ उरतो, आणि तोही थंडाव्याच्या बाजूला झुकलेला.

तापमानवाढीचं गणित येणाऱ्या किरणांचं नाहीच, ते जाणाऱ्या किरणांचं आहे. तापलेली जमीन अवरक्त किरणांच्या रूपानं उष्णता बाहेर टाकते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ हे वायू ती मध्येच शोषतात आणि काही परत खाली सोडतात. उद्योगांचं युग सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे २८० होते, आता ४२० च्या वर गेले. त्यामुळे बाहेर जाणारी उष्णता जास्त अडली.

पटत नसेल तर नकाशा उघडून बघा. ओझोन सगळ्यात जास्त घटतो अंटार्क्टिकावर, ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. पृथ्वी सगळ्यात वेगानं तापतेय ती दुसऱ्या टोकाला, आर्क्टिकमध्ये, आणि तिथेही वाढ जास्त दिसते ती शरद आणि हिवाळ्यात, जेव्हा सूर्य नीट उगवतसुद्धा नाही. जगभरात रात्रीही तापत आहेत. छिद्रातून ऊन येऊन तापत असतं तर रात्री कशाला तापल्या असत्या?

---

टवाळखोर

अंटार्क्टिकावर भोक आणि घाम आर्क्टिकला. अण्णा, छपराचं कंत्राट रद्द.

---

अण्णा७२

टवाळ्या, तुझं चालू दे.

वातकुक्कुट, नकाशाचा मुद्दा मानला. पण मग सीएफसीमुळे तापमान वाढतं असं वर्तमानपत्रांत इतकी वर्षं येतंय ते काय? सीएफसीनं ओझोन जातो, सीएफसीनं तापमान वाढतं. दोन्हींच्या मुळाशी तोच वायू. म्हणजे एकाच दुखण्याची दोन लक्षणं झाली की नाही?

---

गारेगार

विषय निघालाच आहे तर माझंही विचारून घेतो. मी एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. उमेदवारीच्या दिवसांत फ्रिजमध्ये आर-१२ भरायचो, एसीत आर-२२. मग आर-१२ बंद झाला, आर-२२ वर बंधनं आली. कंपन्यांनी आर-४१०ए आणला आणि डब्यावर हिरवं पान छापून 'ओझोनला सुरक्षित' लिहिलं. आता म्हणतात तोही नको, आर-३२ घ्या. गिऱ्हाईक विचारतं, "आधीचा चांगला होता ना, मग परत का बदलता?" मी काय सांगू? सुरक्षित होता तर काढला का, आणि सुरक्षित नव्हता तर पान कशाला छापलं?

---

वातकुक्कुट

गारेगार, तुमच्या प्रश्नातच अण्णांचं उत्तर आहे. पान खोटं नव्हतं. फक्त ते एकाच प्रश्नाचं उत्तर देत होतं.

प्रत्येक शीतक वायूला दोन वेगळे आकडे असतात. पहिला, तो ओझोनला किती मारक. यात सीएफसी-११ ला १ धरतात. दुसरा, तो शंभर वर्षांत किती उष्णता अडवतो. यात कार्बन डायऑक्साइडला १ धरतात. तुमचेच डबे ओळीनं मांडू.

आर-१२ म्हणजे सीएफसीच. त्याचा पहिला आकडा १ च्या जवळ, दुसरा १०,९०० च्या आसपास. दोन्हीकडे वाईट. आर-२२ चा पहिला ०.०५ च्या जवळपास, म्हणजे ओझोनच्या दृष्टीनं बराच सौम्य, पण दुसरा १,८०० च्या पुढे. आर-४१०ए मध्ये क्लोरीनच नाही, त्यामुळे पहिला आकडा सरळ शून्य. हिरवं पान त्याबद्दल. पण दुसरा २,०८८. म्हणजे ज्याच्या जागी आणला त्या आर-२२ पेक्षाही जास्त! आर-३२ चा पहिला शून्य आणि दुसरा ६७५. म्हणून आता तो.

(दुसरे आकडे अहवालागणिक थोडे बदलतात. वेगळ्या तक्त्यात वेगळे दिसले तर दचकू नका, क्रम तोच राहतो.)

अण्णा, आता बघा. आर-२२ जाऊन आर-४१०ए आला तेव्हा ओझोनचं दुखणं बरं व्हायला लागलं आणि तापमानाचं, किलोमागे मोजलं तर, थोडं वाढलं. एकाच दुखण्याची दोन लक्षणं असती तर एक औषध दोन्हींना लागू पडलं असतं. सीएफसी दोन्ही ठिकाणी दोषी आहे हे खरं, पण गुन्हे दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या तऱ्हेनं घडतात.

खाली असताना सीएफसीचा अख्खा रेणू अवरक्त किरण शोषतो. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ ज्या पट्ट्यातली उष्णता फारशी अडवत नाहीत, नेमक्या त्याच पट्ट्यात तो शोषतो, म्हणून इतका जबर. पुढे तो वर पोहोचतो. तिथे कडक अतिनील किरणांनी तो फुटतो, क्लोरीन सुटतो आणि ओझोन तोडू लागतो. अंटार्क्टिकावर हे टोकाला जातं, कारण तिथल्या हिवाळ्यात वरची हवा उणे ७८ अंशांच्या खाली उतरते आणि त्या उंचीवर ढग तयार होतात. एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकून पडलेला क्लोरीन त्या ढगांच्या कणांवर मोकळ्या रूपात येतो. मग वसंतात सूर्य उगवला की काही आठवड्यांत ओझोनचा फडशा. तापमानवाढीला यातलं काहीच लागत नाही. ढग नको, क्लोरीन नको, ध्रुव नको.

सगळे क्लोरीन-फ्लोरीनवाले वायू मिळून आजवर जेवढी उष्णता अडवतात, ती एकट्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी आहे. दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण मुख्य आरोपीही नाही.

करारांतही हेच दिसतं. १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रातली घट प्रसिद्ध केली, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि सीएफसी हद्दपार व्हायला लागले. त्यांच्या जागी आलेले एचएफसी, म्हणजे आर-४१०एच्या कुळातले बिनक्लोरीनचे वायू, ओझोनला निर्धोक होते, म्हणून तो करार त्यांना हात लावत नव्हता. ते निव्वळ तापमानवाढीपायी कमी करायचं ठरलं ते २०१६ मध्ये, त्याच कराराच्या किगालीतल्या दुरुस्तीत.

---

गारेगार

हे झकास. दोन आकडे एका कागदावर लिहून गाडीत ठेवतो. गिऱ्हाइकाला दाखवता येतील.

आर-२९० चं काय? प्रोपेन. दोन्ही आकडे नाममात्र म्हणतात, पण पेट घेतो, त्यामुळे भरताना हात कापतात.

---

वातकुक्कुट

बरोबर ऐकलंय. पहिला शून्य, दुसरा तीनच्या आसपास. आणि पेट घेतो हेही खरंच, म्हणून एका यंत्रात किती भरायचा यावर मर्यादा आहेत. ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

---

निशिगंध

मला एक कळत नाही. हवेच्या गुणवत्तेच्या अॅपवर उन्हाळ्याच्या दुपारी बरेचदा 'प्रमुख प्रदूषक : ओझोन' असं येतं. इथे ओझोन जास्त झालाय म्हणतात आणि तुम्ही कमी झाल्याची चर्चा करताय. हा जास्तीचा ओझोन वर सोडून भोक बुजवता येणार नाही का?

---

टवाळखोर

पाइप मी धरतो.

---

वातकुक्कुट

निशिगंध, रेणू तोच, पण जमिनीलगतचा ओझोन गाड्यांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडून तयार होतो. तो फुप्फुसांना त्रासदायक आहे आणि बऱ्यापैकी उष्णताही अडवतो. वर नेण्याचं म्हणाल तर अंटार्क्टिकावर दर वसंतात कोट्यवधी टन ओझोन नष्ट होतो, आणि क्लोरीन तिथे असेपर्यंत नवा नेलेलाही तसाच तुटेल. वर कमी आणि खाली जास्त हे एकाच वेळी खरं असू शकतं. पण या धाग्यातला प्रश्न वरच्या ओझोनचा आहे.

---

खडूफळा

मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं आणि बोर्डाचे पेपरही तपासले. शास्त्र वातकुक्कुटांनी सांगितलंच आहे. स्वरदाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते निम्मे गुण तिथे गेले.

मुलीचं उत्तर परत वाचा. पहिली चार वाक्यं ओझोनवर, पुढची दोन तापमानवाढीवर, शेवटची दोन 'दोन्हींवर'. या दोन छोट्या टिपा झाल्या, एकीखाली एक चिकटवलेल्या. तपासणाऱ्याला तुलना स्वतःच्या डोक्यात करावी लागते, आणि ते काम केल्याचे गुण तो तुम्हाला देत नाही.

दुसरी नेहमीची चूक या उत्तरात नाही पण वर्गात सर्रास दिसते, म्हणून सांगते. मुलं 'तर' घालून वाक्य जोडतात आणि त्यांना वाटतं झाली तुलना. उदाहरणार्थ, "ओझोनचा ऱ्हास सीएफसीमुळे होतो, तर तापमानवाढीमुळे हिमनद्या वितळतात." डावीकडे कारण आहे, उजवीकडे परिणाम. दोन्ही विधानं खरी, पण त्यांच्यात तुलना शून्य. तक्ता आखला तरी हीच चूक होते. मधोमध रेघ सुबक असते, फक्त ओळींचा एकमेकींशी संबंध नसतो.

उपाय साधा आहे. उत्तर सुरू करण्याआधी समासात पेन्सिलीनं निकष लिहायचे. या प्रश्नाला मी हे घेईन: कोणते किरण, वातावरणाच्या कोणत्या भागात, वायू तिथे नेमकं काय करतो, त्याचा त्रास कोणाला, आणि आज परिस्थिती सुधारतेय की बिघडतेय. मग एकेक निकष धरून दोन्ही बाजू एकाच वाक्यात किंवा लागोपाठच्या वाक्यांत लिहायच्या. एखाद्या निकषाला एका बाजूचं उत्तर येत नसेल तर तो निकषच सोडून द्यायचा. अर्धा मुद्दा लिहून जागा भरू नये.

आणि प्रश्नाचं क्रियापद बघायचं. 'फरक स्पष्ट करा' म्हटलं तर साम्यावर वेळ घालवू नका. 'तुलना करा' म्हटलं की साम्य आणि भेद दोन्ही लागतात. 'संबंध स्पष्ट करा' हा तर तिसराच प्रश्न. तिथे तक्ता चालतच नाही, कारण संबंध दोन रकान्यांमधल्या रेघेवर असतो आणि तिथे लिहायला जागा नसते.

---

स्वरदा_क

खूप आभार सगळ्यांचे. लेक शेजारी बसून वाचतेय. तिचे प्रश्न: तक्ता काढला तर गुण कापतात का? आणि 'दोन्हींमुळे त्वचेचे आजार', 'झाडे लावावीत' ही वाक्यंही चूक आहेत का? बाईंनी त्यांच्याखाली रेघ मारलेली नाही.

---

खडूफळा

बाळा, त्यांच्यावरही गुण मिळाले नसणार. रेघ मारायला बाईंना वेळ नसेल.

त्वचेचे आजार अतिनील किरणांशी जोडलेले आहेत, म्हणजे ते ओझोनच्या बाजूचे. तापमानवाढीचा त्रास वेगळा, उष्णतेच्या लाटा, चढणारा समुद्र, बदलणारा पाऊस. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, तेव्हा तो उपाय तापमानवाढीच्या बाजूला, तोही थोडासाच. क्लोरीनवर झाडाचा काही इलाज नाही. पर्यावरणाच्या कुठल्याही उत्तराच्या शेवटी झाडं लावायची सवय मोडायला हवी. ते वाक्य दिसलं की तपासणाऱ्याला कळतं, इथे मुद्दे संपले.

तक्ता 'फरक स्पष्ट करा'ला उत्तम. 'तुलना करा'ला मी परिच्छेद पसंत करते, कारण "म्हणून", "याउलट", "मात्र" हे शब्द तक्त्यात बसत नाहीत आणि समज त्याच शब्दांत दिसते. पाच गुणांसाठी मी साधारण असं लिहून घेईन:

> ओझोन थराचा ऱ्हास व जागतिक तापमानवाढ या दोन्ही समस्या मानवनिर्मित वायूंमुळे निर्माण झाल्या असून सीएफसीसारखे काही वायू दोन्हींना कारणीभूत आहेत. मात्र त्यांची प्रक्रिया वेगळी आहे. ओझोनचा ऱ्हास स्थितांबरात होतो व त्याचा संबंध सूर्याकडून येणाऱ्या अतिनील किरणांशी आहे. याउलट तापमानवाढीचा संबंध पृथ्वीकडून बाहेर जाणाऱ्या अवरक्त किरणांशी असून ती प्रामुख्याने वातावरणाच्या खालच्या भागात जाणवते. पहिल्यात क्लोरीन व ब्रोमीन ओझोनचे रेणू तोडतात, तर दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड, मिथेन इत्यादी वायू उष्णता शोषून ती पुन्हा पृथ्वीकडे पाठवतात. ऱ्हासामुळे त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो, तर तापमानवाढीमुळे समुद्रपातळी व हवामान बदलते. मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर हळूहळू सावरत आहे, तापमान मात्र अजून वाढतच आहे.

यात प्रत्येक 'तर'च्या दोन्ही बाजूंना एकच निकष आहे का, हे लेकीनं स्वतः बोट ठेवून तपासावं.

---

वातकुक्कुट

उत्तर चांगलं आहे. मी एक वाक्य वाढवीन, "ओझोन कमी झाल्याने पृथ्वीचे तापमान वाढत नाही, उलट त्याचा परिणाम किंचित थंडाव्याकडे असतो." गल्लत नेमकी याच जागी होते आणि हे वाक्य ती मुळातून उपटतं.

---

खडूफळा

तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण नववीच्या उत्तरपत्रिकेत मी ते लिहू देणार नाही. तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं. त्यात नसलेलं, आणि वर वरवर उलटं वाटणारं वाक्य दिसलं की दहातले चार जण त्यावर फुली मारतील. "तापमानवाढीचे कारण नाही" एवढ्यावर थांबावं.

---

वातकुक्कुट

खरं वाक्य लिहिल्याबद्दल फुली मिळणार असेल तर नमुना उत्तर बदलायला हवं. असो, पेपर तुम्ही तपासलेत, मी नाही.

---

अण्णा७२

मी अजून पूर्ण मान्य केलेलं नाही बरं का. दोन्ही गोष्टी गेल्या पन्नासेक वर्षांत बरोबरच वाढल्या. एक वाढली आणि दुसरी घटली असं कधी झालंय? तसं एक उदाहरण दाखवा, मग बघू.

---

वातकुक्कुट

आहे ना. जून १९९१, फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी.

त्यानं गंधकाचा प्रचंड वायू थेट स्थितांबरात फेकला. तिथे त्याचे गंधकाम्लाचे बारीक थेंब बनले आणि काही आठवड्यांत ते पृथ्वीभोवती पसरले. या थेंबांनी सूर्यप्रकाश परत उधळला, त्यामुळे पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. त्याच थेंबांच्या पृष्ठभागावर क्लोरीन मोकळा होण्याच्या क्रिया जोरात चालल्या. ध्रुवावर जे काम ढगांचे कण करतात तेच. त्यामुळे १९९२-९३ मध्ये ओझोन नेहमीपेक्षाही जास्त घटला.

म्हणजे ओझोन खाली आणि तापमानही खाली, दोन्ही एकाच वेळी. तुमच्या छपराच्या हिशेबानं त्या वर्षी जग तापायला हवं होतं.

आणि नैसर्गिक स्फोट होता म्हणून ओझोन घटला, असाही अर्थ काढू नका. हवेत आधीपासून माणसानं सोडलेला क्लोरीन नसता तर त्या थेंबांना मोकळं करायला फारसं काही मिळालंच नसतं.

---

अण्णा७२

हं. हे नव्हतं ठाऊक. म्हणजे दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, असंच ना?

---

वातकुक्कुट

तसंही नाही, आता तुम्ही दुसऱ्या टोकाला चाललात.

कार्बन डायऑक्साइड खालची हवा तापवतो, पण वरची, स्थितांबरातली, थंड करतो. तिथे तो उष्णता अवकाशात टाकायचं काम करतो. (सूर्यच प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापतेय असं कुणी म्हणालं तर हाच दाखला द्या. तसं असतं तर वरची हवाही तापली असती.) आता वरची हवा थंड झाल्यानं ओझोनचं काय होतं? बऱ्याच उंचीवर ओझोन तोडणाऱ्या क्रिया थंडीत मंदावतात, तिथे फायदा. ध्रुवांवर मात्र थंडीनं ढगांना पोषक हवा मिळते, तिथे तोटा. अंटार्क्टिकावरची वरची हवा सप्टेंबर २०१९ मध्ये अचानक तापली तेव्हा छिद्र गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं इतकं लहान राहिलं. लगेच २०२० मध्ये ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वरच्या वाऱ्यांचा भोवरा थंड आणि बळकट राहिला, तर ते मोठं झालं आणि डिसेंबरअखेरपर्यंत टिकलं. ध्रुवांवर पुढच्या काही दशकांत यातलं कोण किती वरचढ ठरेल यावर अजून काम चालू आहे.

उलट बाजूनं, अंटार्क्टिकावरचा ओझोन घटल्यानं दक्षिण गोलार्धातले पश्चिमी वारे उन्हाळ्यात ध्रुवाकडे सरकले आणि त्याबरोबर पावसाचे पट्टेही. म्हणजे ओझोनच्या ऱ्हासानं हवामानात बदल घडवला, पण पृथ्वी तापवून नाही.

'संबंध स्पष्ट करा' असा प्रश्न आला तर हे सगळं लिहायचं. 'तुलना करा'ला नको, खडूफळा रागावतील.

---

खडूफळा

रागावणार नाही, पण पाच गुणांना पाचच मिळतील. पंधरा ओळी लिहून पुढचा प्रश्न लिहायचा राहिला तर काय उपयोग?

---

स्वरदा_क

लेकीनं बोट ठेवून तपासलं. तिचं म्हणणं, नमुना उत्तरातल्या शेवटच्या वाक्यात 'सावरत आहे' आणि 'वाढतच आहे' हे दोन्ही एकाच निकषावर आहेत, पण ओझोन कधीपर्यंत भरेल हे लिहिलं तर चालेल का? आणि तिनं आणखी एक शोधलंय. पुस्तकात नायट्रस ऑक्साइड हरितगृह वायूंच्या यादीत आहे आणि एका चौकटीत ओझोनला मारक वायूंतही आहे. मग तो कुठल्या बाजूला लिहायचा?

---

वातकुक्कुट

पोरगी हुशार आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार ओझोन १९८० च्या पातळीवर अंटार्क्टिकावर २०६६, आर्क्टिकवर २०४५ आणि बाकी जगात २०४० च्या सुमारास परतेल. सीएफसी हवेत पन्नास ते शंभर वर्षं टिकतात, म्हणून एवढा उशीर. उत्तरात एकच वर्ष लिही, अंटार्क्टिकाचं.

नायट्रस ऑक्साइड दोन्हीकडे. नत्रयुक्त खतं घातलेल्या जमिनीतले जिवाणू तो सोडतात. खाली असेपर्यंत तो उष्णता अडवतो, किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. वर जाऊन फुटला की त्यातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड ओझोन तोडतो. सीएफसी बंद झाल्यावर आज नव्यानं हवेत सोडल्या जाणाऱ्या ओझोन-मारक वायूंत सगळ्यात वजनदार तोच आहे, आणि मॉन्ट्रियल करारात तो नाही.

---

खडूफळा

म्हणून तो साम्याच्या वाक्यात घाल, सीएफसीच्या शेजारी. "सीएफसी व नायट्रस ऑक्साइड यांसारखे वायू." हे नमुना उत्तरात नसलं तरी पुस्तकात आहे, त्यामुळे त्यावर कुणी फुली मारणार नाही.

---

अण्णा७२

दोन्हीकडे बसणारे दोन वायू सापडले. माझ्या एकाच दुखण्यात थोडा तरी जीव होता म्हणायचा.

---

गारेगार

जाता जाता एक. हल्ली नव्या मोटारींच्या एसीत आर-१२३४वायएफ येतो. तुमच्या हिशेबानं पहिला आकडा शून्य, दुसराही नगण्य. पण आमच्या प्रशिक्षणात एकानं सांगितलं की तो हवेत तुटून त्याचं कसलंसं आम्ल बनतं आणि पावसातून खाली येतं. म्हणजे आता कागदावर तिसरा आकडा लिहायचा का?

---

वातकुक्कुट

ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्ल. बनतं, आणि पाण्यात गेलं की सहजी तुटत नाही. किती साठलं तर घातक यावर एकमत झालेलं नाही. त्याला तिसरा रकाना आखून ठेवा, तूर्त कोरा. आणि त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे लेकीचा अभ्यास चाललाय.